गुणाकाराचा रकाना खोडा

जोखमीचे गुणात्मक विश्लेषण म्हणजे काय, असे प्रकल्प-व्यवस्थापन शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, तो एका दमात उत्तर देईल. संभाव्य अडचणींची यादी करायची. प्रत्येकीला शक्यतेसाठी १ ते ५ आणि परिणामासाठी १ ते ५ असे गुण द्यायचे. दोन्हींचा गुणाकार करायचा, आलेला आकडा पाच बाय पाचच्या तक्त्यात शोधायचा आणि लाल, पिवळा की हिरवा ते ठरवायचे. मग मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत लावलेली ती यादी ‘रिस्क रजिस्टर’ म्हणून असाइनमेंटला जोडायची. हा समज एकट्या विद्यार्थ्यांचा नाही. शिकवणारे तेच शिकवतात, तपासणारे तेच शोधतात, आणि कार्यालयांतल्या तयार नमुन्यांतही ‘शक्यता’, ‘परिणाम’ आणि ‘स्कोर’ हे तीन रकाने शेजारी शेजारी छापलेले असतात.

या तिसऱ्या रकान्याला माझा विरोध आहे. तक्ता वाईट नाही, नोंदवही तर अत्यंत कामाची आहे, पण मधला गुणाकार चुकीचा आहे. त्याच्यामुळे तक्ता खोटे बोलू लागतो आणि नोंदवही निरुपयोगी होते. हे हवेत बोलण्यापेक्षा एका ठिकाणी उभे राहून दाखवतो.

ठिकाण पाटन. सातारा जिल्ह्यातले कोयनाकाठचे पाटण नव्हे, तर जबलपूर जिल्ह्यातले तहसीलीचे पाटन. काळ्या मातीचा हा प्रदेश हिवाळी मटारासाठी प्रसिद्ध आहे. साधारण नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत इथला हिरवा मटार बाजारात येत राहतो. याच पट्ट्यात ‘हवेली’ नावाची जुनी शेतीपद्धत आहे. शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालून पावसाळाभर पाणी आत साठवतात आणि रब्बीच्या पेरणीआधी, सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ते सोडून देतात. सोयाबीन आणि भात वाढल्यापासून ती बरीच मागे पडली आहे, पण जिथे टिकून आहे तिथे पावसाळा संपेपर्यंत जमीन पाण्याखाली असते. पुढच्या सगळ्या हिशेबासाठी हे लक्षात ठेवावे लागेल.

असाइनमेंटचा विषय असा समजू: शेतकऱ्यांच्या एका गटाला पाटनजवळ मटार संकलन केंद्र उभारायचे आहे. एक शेड, एक लहान शीतगृह, वजनकाटा आणि प्रतवारीची जागा. मटाराच्या शेंगा तोडल्यानंतर उष्णतेत त्यांतली साखर झपाट्याने कमी होते. शून्य अंशाच्या आसपास आणि भरपूर दमटपणात ठेवल्या तर आठवडा-दोन आठवडे त्या चांगल्या राहतात. म्हणून शीतगृह हा या केंद्राचा जीव आहे. २५ नोव्हेंबरला केंद्र सुरू झाले पाहिजे. वेळापत्रक असे: पायाचे काम १५ सप्टेंबरला सुरू, फरशी १५ ऑक्टोबरला तयार, इन्सुलेटेड पॅनेलची जोडणी ४ नोव्हेंबरपर्यंत, कॉम्प्रेसर आणि वीज १४ नोव्हेंबरपर्यंत, आणि चाचण्या २० नोव्हेंबरला संपणार. हातात मोकळे दिवस उरले पाच. हंगाम धरू ७५ दिवसांचा. हे आकडे उदाहरणासाठी मी बसवले आहेत, पण अशा कामाचा घाट साधारण असाच असतो.

आता गुणाकाराकडे येऊ. शक्यतेची पहिली पायरी ५ टक्क्यांखालची, दुसरी ५ ते २०, तिसरी २० ते ५०, चौथी ५० ते ८० आणि पाचवी त्याच्याही वर. परिणाम दिवसांत मोजू: पाच दिवसांपर्यंतचा उशीर पहिली पायरी, ६ ते १० दुसरी, ११ ते २० तिसरी, २१ ते ३५ चौथी, आणि ३५ दिवसांच्या पुढे पाचवी, जिच्यात अख्खा हंगाम बुडणेही आले. विद्यार्थ्याने दोन जोखमी लिहिल्या. एक, पायात पाणी भरून काम अडेल. शक्यता तिसरी, परिणाम तिसरा, गुणाकार ९. दुसरी, कॉम्प्रेसर वेळेत येणार नाही. शक्यता दुसरी, परिणाम पाचवा, गुणाकार १०. म्हणजे कॉम्प्रेसर वर, पाया खाली.

खरे मापन करू शकलो असतो तर काय दिसले असते? समजा पाया अडण्याची शक्यता खरोखर ४५ टक्के आहे आणि अडला तर १८ दिवस जातील. सरासरी नुकसान ८.१ दिवसांचे. कॉम्प्रेसरची शक्यता ६ टक्के आणि उशीर ३६ दिवसांचा असेल, तर सरासरी २.१६ दिवस. दोन्ही जोखमी आपापल्या घरातच आहेत, पायऱ्या चुकलेल्या नाहीत. तरी जिचा भार जवळजवळ चौपट, ती यादीत खाली गेली. याच कॉम्प्रेसरची शक्यता १८ टक्के असती आणि तो न आल्याने ७५ दिवसांचा हंगाम बुडणार असता, तर सरासरी १३.५ दिवस झाली असती. घर तेच, रंग तोच, आकडा तोच १०, आणि आत दडलेला फरक सहापटीहून अधिक.

याचे कारण साधे आहे. इथले १ ते ५ हे आकडे मोजमाप नाहीत, ते क्रम आहेत. शर्यतीत पहिला आणि दुसरा यांच्यात किती सेकंदांचे अंतर होते ते क्रमांक सांगत नाही, आणि क्रमांकांचा गुणाकार कोणी करत नाही. मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मापनपट्ट्यांचे चार प्रकार वेगळे केले, तेव्हापासून हा भेद संख्याशास्त्रात सर्वज्ञात आहे. क्रमाच्या पट्टीवर कोण पुढे, कोण मागे एवढेच म्हणता येते. दुपटीने मोठे, चौपटीने मोठे असे म्हणता येत नाही, आणि गुणाकार नेमके तेच गृहीत धरतो.

क्रमाला दिलेले आकडे बदलले की निकालही बदलतो, हे तर कागदावर पाच मिनिटांत पडताळता येते. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबॉक मार्गदर्शिकेच्या अनेक आवृत्त्यांत जो तक्ता छापलेला आहे, त्यात शक्यतेच्या पायऱ्यांना ०.१, ०.३, ०.५, ०.७, ०.९ आणि परिणामाच्या पायऱ्यांना ०.०५, ०.१०, ०.२०, ०.४०, ०.८० असे आकडे आहेत. शक्यता चौथी आणि परिणाम तिसरा अशी एक जोखीम घ्या, आणि शक्यता दुसरी, परिणाम पाचवा अशी दुसरी. १ ते ५ च्या पद्धतीने पहिली १२ आणि दुसरी १०, म्हणजे पहिली मोठी. पीएमबॉकच्या आकड्यांनी पहिली ०.१४ आणि दुसरी ०.२४, म्हणजे दुसरी मोठी. पाटनची जमीन तीच, कॉम्प्रेसर तोच, माणसे तीच. केवळ पायऱ्यांवरचे आकडे बदलले आणि प्राधान्य उलटे झाले. यांपैकी कुठली यादी खरी? दोन्हींना तसे म्हणायचा अधिकार नाही. शिवाय पाच बाय पाचच्या २५ घरांतून गुणाकाराने निघणारे वेगवेगळे आकडे फक्त १४ आहेत. पाच गुणिले एक आणि एक गुणिले पाच ही दोन्ही घरे ५ म्हणून एकाच रांगेत बसतात. रोज होणारी किरकोळ कुरकुर आणि क्वचित येणारे महासंकट यांना समान मानणारी पद्धत व्यवस्थापनाला सल्ला देऊ शकत नाही.

या विषयावरचा सर्वांत कठोर लेख लुई अँथनी कॉक्स यांचा आहे. २००८ मध्ये ‘रिस्क ॲनालिसिस’ या नियतकालिकात त्यांनी गणिताने दाखवले की शक्यता आणि परिणाम एकमेकांच्या उलट दिशेने जात असतील, म्हणजे वारंवार घडणाऱ्या गोष्टी किरकोळ आणि क्वचित घडणाऱ्या गंभीर असतील, तर असा तक्ता डोळे मिटून निवड करण्यापेक्षाही वाईट निर्णय देऊ शकतो. बांधकामाच्या कामात बहुतेक जोखमी याच जातीच्या असतात, म्हणून त्यांचा इशारा आपल्याला थेट लागू पडतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. “सगळ्यांनाच माहीत आहे की हे आकडे ढोबळ आहेत. आम्ही त्यांना शब्दशः घेत नाही, फक्त क्रम लावायला वापरतो.” पण क्रम लावणे हेच तर आकड्याचे काम आहे, आणि वर चुकला तो क्रमच. ढोबळ मापन क्षम्य आहे. ढोबळ मापनावर अचूक क्रिया करून आलेल्या १० ला ९ पेक्षा मोठे ठरवणे क्षम्य नाही, कारण पैसे आणि माणसाचा वेळ त्या क्रमानेच खर्च होतो.

दुसऱ्या टोकाचेही एक मत आहे आणि तेही मला मान्य नाही. तक्ताच टाकून द्या, म्हणतात, संगणकावर मॉन्टे कार्लो चालवा, प्रत्येक जोखमीला टक्केवारी आणि वितरण द्या. मोठ्या धरणाच्या किंवा तेलवाहिनीच्या कामात, जिथे आधीच्या शेकडो कामांची नोंद आहे, तिथे ते योग्यच आहे. पाटनजवळच्या एका शेडसाठी ‘स्थानिक गवंडी वेळेत न येण्याची’ शक्यता कुठल्या आकडेवारीतून काढणार? तिथे दशांशात लिहिलेली टक्केवारीही मनातलीच असेल, फक्त तिच्या अंगावर गणिताचे कपडे असतील. गुणात्मक पद्धत अशाच ठिकाणासाठी आहे. ती गुणात्मकच राहू द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

तसे राहू द्यायचे कसे, याचे एक जुने उत्तर अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रणाली-सुरक्षेच्या मानकात आहे. ‘मिल-स्टँडर्ड ८८२’ या मानकाच्या तक्त्यात परिणामाच्या गंभीरतेला अंक आहेत आणि शक्यतेला ए, बी, सी अशी अक्षरे. घराचे नाव होते ‘२ डी’ किंवा ‘१ ई’. अक्षराचा आणि अंकाचा गुणाकार होऊच शकत नाही, त्यामुळे त्या घराचे काय करायचे हे माणसांना बसून ठरवावे लागते. आपल्या असाइनमेंटमध्ये हे तसेच्या तसे उचलावे. शक्यतेच्या पाच पायऱ्यांना क, ख, ग, घ, ङ म्हणा, परिणामाच्या पायऱ्यांना १ ते ५. पाया अडण्याची जोखीम ‘ग३’ झाली, कॉम्प्रेसरची ‘ख५’. आता २५ घरांना एकेक करून रंग द्या, आणि रंगाला कृतीचा अर्थ द्या. लाल म्हणजे काम सुरू होण्याआधी योजनाच बदलू. पिवळा म्हणजे पर्याय तयार ठेवू आणि कुठली खूण दिसली की तो वापरायचा ते लिहून ठेवू. हिरवा म्हणजे महिन्यातून एकदा पाहू. ‘ख५’ घरासाठी आधीच योजना बदलायला आपण तयार आहोत का, या प्रश्नावर गटातले शेतकरी, ठेकेदार आणि हिशेबनीस यांच्यात खरा वाद होतो. तो वाद हेच गुणात्मक विश्लेषण. गुणाकाराने तो वाद टाळला जातो.

पायऱ्यांना नुसते ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ लिहिणे ही याच चुकीची सख्खी बहीण. अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्या शर्मन केंट यांनी १९६४ साली लिहिलेला एक अनुभव या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा एकमताने ठरलेला अहवाल गेला. नंतर केंट यांनी तो तयार करणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारले, की तुमच्या मनात किती टक्के होते? उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरली. शब्दावर एकमत होते, अर्थावर नव्हते. म्हणून शक्यतेच्या प्रत्येक पायरीसमोर टक्क्यांची हद्द लिहिलीच पाहिजे.

परिणामाच्या पायऱ्यांचे मोजमाप मात्र बाहेरून आणू नये, ते त्या प्रकल्पाच्या पोटातून काढावे. वर पहिली पायरी पाच दिवसांपर्यंत का ठेवली? कारण वेळापत्रकात मोकळे दिवस पाचच आहेत. तेवढा उशीर कोणाला जाणवणारही नाही. सहाव्या दिवसापासून हंगाम खायला सुरुवात होते, आणि मटाराला सुरुवातीच्या आठवड्यांत मिळणारा भाव पुढे आवक वाढली की टिकत नाही. हेच शेड धान्याच्या गोदामासाठी असते तर वीस दिवसांचा उशीर पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर बसला असता. पुस्तकातला ‘१० टक्के वेळवाढ म्हणजे मध्यम परिणाम’ हा ठोकताळा इथे लावला, तर हंगामी आणि बिगर-हंगामी कामांतला भेदच पुसला जातो. खर्चाच्या पायऱ्या वेगळ्या लिहाव्यात आणि वेळेच्या पायऱ्यांत मिसळू नयेत. एकच जोखीम वेळेत ‘४’ आणि खर्चात ‘१’ असू शकते, आणि तिच्यावरचा उपाय त्यावरच ठरतो.

काही जोखमींचा परिणाम तर एका दिशेने मोजताच येत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्री दव गोठून पिके करपतात, त्याला तिकडे पाला म्हणतात. मटाराचे झाड थंडी सोसते, पण फुले आणि कोवळ्या शेंगा पाल्याने मारल्या जातात. म्हणून शेतकरी संध्याकाळी हलके पाणी देतात, बांधावर धूर करतात. पाला पडला की आवक घटते आणि भाव चढू शकतो. केंद्र किलोमागे शुल्क घेऊन चालणार असेल तर त्याचे नुकसान होईल. केंद्र आधी माल घेऊन शीतगृहात ठेवून विकणार असेल तर कदाचित फायदाही होईल. तक्त्यात ‘परिणाम: ४’ लिहून हा प्रश्न संपत नाही. आधी केंद्राचा व्यवहार कसा आहे ते ठरवावे लागते, म्हणजे जोखमीची नोंद आपल्याला प्रकल्पाच्या व्याख्येकडे परत पाठवते. माझ्या दृष्टीने असाइनमेंटमधली ही सर्वांत मोलाची जागा, आणि गुणांच्या रकान्यामुळे ती बहुतेकांना दिसतच नाही.

एकेका ओळीला स्वतंत्र गुण देण्यात आणखी एक गंभीर दोष आहे. विद्यार्थी तीन ओळी लिहितो: पायात पाणी भरेल, वाळू-विटांचे ट्रक कच्च्या रस्त्यात अडकतील, विजेचे खांब ओल्या शेतात उभे करता येणार नाहीत. प्रत्येकीची शक्यता ३० टक्के धरू. तिन्ही एकदम होतील का? स्वतंत्र मानल्या तर ०.३ चा तीनदा गुणाकार, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी, आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. पण तिन्हींचा उगम एक आहे: परतीचा पाऊस लांबला. तो लांबला की तिन्ही एकदम येतात, आणि तिन्ही एकत्र येण्याची शक्यता तीन टक्क्यांची न राहता तिसाच्या जवळ जाते. प्रत्येक ओळ पिवळी आणि सगळा प्रकल्प लाल, अशी स्थिती तक्ता दाखवू शकत नाही. म्हणून नोंदवहीत ‘मूळ कारण’ हा रकाना वेगळा हवा, आणि यादी लिहून झाल्यावर त्या रकान्याप्रमाणे ओळी पुन्हा लावून पाहाव्यात. एकाच कारणाखाली तीन-चार ओळी जमल्या, तर खरी जोखीम ते कारण आहे आणि उपायही त्यावरच हवा.

आता एक ओळ पूर्ण लिहून दाखवतो. बहुतेक असाइनमेंटमध्ये पहिली ओळ असते ‘पाऊस’. ही जोखीम नाही. जबलपूर भागात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. तो पडणारच, आणि जे होणारच आहे ते वेळापत्रकात घ्यायचे असते. अनिश्चित गोष्ट वेगळी आहे, आणि ती कारण, घटना आणि परिणाम अशा तीन सांध्यांच्या वाक्यात लिहावी लागते: ‘पायाचे काम सप्टेंबरच्या मध्यात ठेवल्यामुळे, आणि शेजारच्या हवेली शेतांत तेव्हा पाणी साठलेले असल्यामुळे, खोदलेल्या पायात पाझर येऊन काँक्रीट थांबू शकते, तसे झाल्यास फरशी १५ ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तयार होईल आणि चाचण्या हंगामात ढकलल्या जातील.’ हे वाक्य लिहिताच उपाय डोळ्यांसमोर येतात. ‘पाऊस’ या शब्दातून एकही उपाय सुचत नाही.

याच ओळीत पुढे खूण लिहायची: ऑक्टोबरची सुरुवात उलटली तरी वरच्या बाजूच्या शेतांचे पाणी सोडले गेले नसेल, तर जोखीम प्रत्यक्षात उतरते आहे असे समजायचे. ही खूण बांधावर उभे राहून कोणालाही दिसते, त्यासाठी हवामान खात्याचा अहवाल लागत नाही. मग जबाबदार माणूस. ‘प्रकल्प गट’ असे लिहिले की कोणीच जबाबदार नसतो. इथे लिहायचे ‘साइट सुपरवायझर’, कारण बांधावर रोज तोच असतो. मग आधीचा उपाय: पाया पावसाळ्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकणे. त्याची किंमत: पैसे तीन महिने आधी अडकतील. आणि त्या उपायातून जन्मणारी नवी जोखीम: काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून पावसाळाभर उघडा राहिलेला पाया हलू किंवा तडकू शकतो. ती स्वतंत्र ओळ म्हणून नोंदवायची, आणि पायाभोवती मुरूम भरून पाणी बाहेर काढणारा चर खणणे हा तिचा उपाय. शेवटी उपायानंतरचे घर. मूळ ‘ग३’ आता ‘ख१’ झाले, कारण पाया आधी झाला की नंतरच्या किरकोळ दुरुस्तीला पाच मोकळे दिवस पुरतात. एवढी एक ओळ मनापासून लिहायला एक संध्याकाळ जाते. अशा आठ ओळींची नोंदवही, पंचवीस ओळींच्या गुणाकारी यादीपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

एक प्रकार मात्र या तक्त्यात बसवूच नये, आणि महाराष्ट्राने त्याची फार मोठी किंमत मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भारतीय मानकाच्या नकाशात तो भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. नकाशाचा रंग जणू हिरवा होता, आणि लोक जाड दगड-मातीच्या भिंतींखाली झोपले होते. पुढे २००२ च्या सुधारित मानकात तो सर्वांत खालचा विभागच रद्द झाला. जबलपूरलाही २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपाने हादरवले, चाळीसच्या आसपास माणसे दगावली. पाटनच्या शेडच्या नोंदवहीत ‘भूकंप: शक्यता १, परिणाम ५, स्कोर ५, हिरवा’ असे लिहिलेले जेव्हा वाचतो, तेव्हा मला राग येतो. तो आकडा एका माणसाच्या छातीवर भिंत पडण्याची तुलना खिळे उशिरा येण्याशी करतो. अशा गोष्टींना क्रमवारीत उभे करायचे नसते. त्या आराखड्यात घ्यायच्या असतात: शेड भूकंपरोधक मानकाप्रमाणे बांधायचे, पॅनेल आणि मांडण्या भिंतीला बांधून घ्यायच्या, आणि नोंदवहीत ‘आराखड्यात समाविष्ट’ असे लिहून मानकाचा क्रमांक टाकायचा. शक्यता कितीही कमी असली तरी माणसाचा जीव जाऊ शकतो अशी प्रत्येक ओळ या वेगळ्या पानावर गेली पाहिजे.

तपासणाऱ्यांना एक विनंती. नोंदवही खरी की भरती, हे ओळखायला स्कोर बघू नका. प्रकल्पाचे नाव आणि ‘पाटन’ हा शब्द झाकून वाचा. यादी पुण्याच्या एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पालाही तशीच चालत असेल, तर ती नक्कल आहे. उपायाच्या रकान्यात ‘लक्ष ठेवणे’ असे तीनदा आले असेल, तर उपाय विचारात घेतलेलाच नाही. खुणेच्या रकान्यात तारीख किंवा डोळ्यांना दिसणारी गोष्ट नसेल, तर ती ओळ कधीच वापरली जाणार नाही. आणि सगळ्या ओळी तक्त्याच्या मधल्या घरांत गोळा झाल्या असतील, तर विद्यार्थ्याने ‘फार वाईट’ आणि ‘नगण्य’ म्हणायचे टाळले आहे. याला गुण कापा, पण गुणाकार नाही म्हणून कापू नका.

विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच. जमा करण्याआधी स्कोरचा रकाना खोडा. त्याच्या जागी ‘मूळ कारण’ आणि ‘खूण’ हे दोन रकाने घाला. मग शक्य असेल तर एकदा जागेवर जा आणि बांधावरच्या शेतकऱ्याला विचारा, पाणी कधी सोडता?